ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग

संपदाच्या फोनने त्या सोमवारी दुपारपर्यंत एकशे त्र्याऐंशी वेळा तोंड उघडलं होतं. आकडा तिने स्वतः मोजला नव्हता, फोननेच तिला तसं कळवलं, आणि ते कळवतानाही टिंग केलं. एकशे चौऱ्याऐंशी.

तिला वाईट याचं वाटत होतं की त्यातली एक टिंग खरी होती.

सी-स्कीम भागातल्या पाळणाघराचा ग्रुप. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिथे एक ओळ आली होती, 'अनुया को बुखार है, १०१. घर से कोई आकर ले जाएँ.' त्या ओळीच्या आधी गंधार नावाच्या कुणा दोन वर्षांच्या गृहस्थाला त्रेसष्ट जणांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. नंतर अठरा फोटो आले, बटाट्याच्या ठशांनी रंगवलेल्या हातांचे. मग कुणाच्या तरी बाटलीचं निळं झाकण हरवलं, आणि ते शोधण्यात बेचाळीस पालक सामील झाले. या सगळ्याच्या मध्ये संपदाची अकरा महिन्यांची लेक तापाने फणफणत बसली होती, आणि आई अजमेर रोडवरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्रातला मोल म्हणजे काय ते समजावत होती. फोन पर्समध्ये, वर्गात असेपर्यंत आवाज बंद. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात प्राचार्य माथुर सर तिचा तास पाहायला मागच्या बाकावर बसले होते, तेव्हा तो अकरा वेळा वाजला होता.

ती पाळणाघरात पोचली तेव्हा शेखावत मॅडम दारातच उभ्या होत्या.

"संपदाजी, नियम आपको पता है. ग्रुप में लिखेंगे, एक बार फोन करेंगे, पंद्रह मिनट में जवाब चाहिए. आपका जवाब आया पौने एक बजे."

"सॉरी मॅडम, मतलब, क्लास में थी..."

"एक बार हुआ, चलिए. दूसरी बार हुआ तो सीट नहीं रख पाऊँगी. वेटिंग में छब्बीस बच्चे हैं."

छब्बीस. संपदा ताप उतरलेल्या अनुयाला खांद्यावर घेऊन रिक्षात बसली आणि त्या सव्वीस बाळांना डोळ्यांपुढे आणू लागली. सगळी गुबगुबीत, सगळ्यांच्या आया फोन उचलणाऱ्या. सीट गेली तर नोकरी गेली, कारण नवरा कैवल्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता, कधी बस्सी स्टेशनच्या पुढे रुळांवर, कधी अजून कुठे, आणि तिथे त्याच्या फोनला रेंज नसे. सिग्नलवाल्या माणसाला सिग्नल नाही, हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. आता कुणी हसत नव्हतं.

मग तिने ठरवलं, फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवायचा. सगळं ऐकायचं. दोन दिवस तिने सगळं ऐकलं. चपलांवर चाळीस टक्के सूट, मावसबहीण मधुवंतीने पाठवलेली मांजरं, कॉलेजच्या ईमेलवर 'रिमाइंडर', मग 'रिमाइंडर टू', आणि कुणीतरी तिच्या फोटोला अंगठा दाखवला. बाळाच्या वाढीचं एक अॅप होतं, ते रोज सकाळी विचारायचं, 'तुमच्या बाळाने आज टाळ्या वाजवल्या का?' अनुयाने वाजवल्या नव्हत्या. संपदा मग तास संपेपर्यंत टाळ्यांचा विचार करायची. तिसऱ्या दिवशी माथुर सरांनी बोलावून घेतलं आणि फार सौम्यपणे विचारलं की मॅडम, आप पढ़ाती हैं या कंट्रोल रूम चलाती हैं?

अशा वेळी अकोल्याहून प्रभावतीबाई आल्या. कैवल्यच्या आई. दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे रांगत्या नातीमागे दिवसभर धावणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. पण पंधरा दिवस राहून स्वयंपाकाला हातभार लावते, म्हणाल्या. एकोणचाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. कानात वायर असल्यासारखी मान किंचित डावीकडे कलती ठेवून बोलायची सवय अजून होती.

रविवारी दुपारी अनुयाला महामुश्किलीने झोपवलं, आणि टिंग झालं. बाळ उठून बसलं.

"कोण मेलं?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"कुणी नाही आई. बँकेने कर्ज देऊ केलंय."

"आणि हे दुसरं?"

"सोसायटी. पाण्याचा टँकर आलाय."

"आपल्याकडे तर पाणी आहे न?"

"आहे. पण तरी सांगतात."

प्रभावतीबाईंनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बराच वेळ पडदा खाली-खाली सरकवत राहिल्या.

"अगं बाप्पा! अख्खं एक्स्चेंज पदरात घेऊन बसलीस की तू. सगळ्या लायनी एकाच बोर्डावर, अन् सगळ्यांची घंटी एकसारखी? आमच्याकडे असं चाललं असतं तर अर्धं अकोला मेलं असतं अन् कुणाला कळलं नसतं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"ट्रंक कॉलचे तीन वर्ग. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. ऑर्डिनरी म्हणजे 'कसे आहात, पापड मिळाले'. त्याला रांगेत बसव, चार तास बसू दे. अर्जंट म्हणजे 'गाडी चुकली, उद्या येतो'. अन् लाइटनिंग आला की बाकी सगळ्या लायनी तोडून तो आधी. पण लाइटनिंगचे पैसे ऐकून माणूस शुद्धीवर यायचा, म्हणून कुणी उगाच मागत नसे. इथं सगळं फुकट आहे, म्हणून ही चपलावाली मेली लाइटनिंग होऊन बसली आहे."

आणि मग सासूसुनांनी जमिनीवर चटई अंथरून तो फोन असा काही उसवायला घेतला, जशी कुणी जुनी गोधडी उसवावी.

आधी ईमेल. संपदाला वाटत होतं की ईमेल बंद करायचं तर दोन्ही बंद होतील. पण तिची दोन खाती वेगवेगळी निघाली, प्रत्येकाची सेटिंग स्वतंत्र. घरच्या खात्याला त्यांनी 'काहीच कळवू नको' केलं, कॉलेजच्याला 'फक्त महत्त्वाचं तेवढं'. खरेदीच्या अॅपमध्ये शिरल्यावर प्रभावतीबाईंना भलताच हुरूप आला, कारण तिथे एकाच दुकानाच्या आत वेगवेगळे खटके होते. सवलतींच्या बातम्यांचा खटका बंद, पार्सल आल्याचा चालू.

"म्हणजे माणसाला हाकलायचं नाही, नुसतं त्याचं अर्धं तोंड बांधायचं," त्या समाधानाने म्हणाल्या. "हे आमच्याकडे नव्हतं."

अंगठे आणि बदाम वाजायचे बंद झाले. बाळाच्या टाळ्यांचं अॅप आठवड्यातून एकदाच विचारेल असं झालं. पूर्ण बंद करायला संपदाचा हात धजेना. पाळणाघराचा ग्रुप कायमचा म्यूट. मधुवंतीची मांजरं म्यूट.

मग खरी कलाकुसर. वर्गात असताना फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर राहील, आणि त्यातून कुणाला आत सोडायचं ते आपण ठरवायचं. ज्यांच्या नावापुढे तारा, त्यांचे फोन वाजतील. ज्यांचं संभाषण अग्रक्रमाचं म्हणून नोंदवलं, त्यांचे मेसेज वाजतील. शेखावत मॅडमना तारा, अग्रक्रम, शिवाय त्यांच्या एकटीच्या मेसेजला वेगळा आवाज, जुन्या काळ्या टेलिफोनची घणघणती घंटी. तो आवाज प्रभावतीबाईंनी स्वतः निवडला. संपदाने लगेच मॅडमना विनवून घेतलं की अनुयाचं काहीही असलं तर ग्रुपबरोबर मला एकटीलाही लिहा. मॅडमनी 'जी' असं उत्तर दिलं, आणि फोन असा घणघणला की अनुया पुन्हा उठून बसली. कैवल्यलाही तारा मिळाला. तो म्हणाला, "मी अर्जंट का? नवरा आहे मी." त्यावर त्याची आई म्हणाली, "म्हणूनच अर्जंट. नाहीतर तुझ्या फोनात असतं काय? 'जेवायला काय आहे?'"

"हे राहू दे बरं," शेवटी एका खटक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "इथं लिहिलंय, एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर वाजू द्यायचा. तारा नसला तरी."

"बंद करते. लोक उगाच दोनदा लावतात."

"अजिबात नाही. जो दोनदा लावतो तो गंमत म्हणून लावत नसतो. एकोणचाळीस वर्षं पाहिलंय मी."

खटका चालू राहिला. मग यादीत पुढचं नाव आलं. 'आई अकोला'. आदल्या दिवसाचे मेसेज अडतीस. त्यातली शुभ सकाळ सहा, फुलांसकट.

संपदाचं बोट त्या नावावर अडलं.

"ह्या कोणत्या वर्गात?" प्रभावतीबाईंनी अगदी तटस्थपणे विचारलं, जणू ती बाई त्यांच्या ओळखीची नव्हती.

"अर्जंट आई. अर्थात अर्जंट." संपदाने घाईघाईने तारा लावला आणि अग्रक्रमही देऊन टाकला.

सोमवारी सकाळी ती माथुर सरांकडे गेली. म्हणाली, सर, आता वर्गात काहीच वाजणार नाही. आणि वाजलंच, तर ते माझ्या मुलीचं असेल, मी तशीच उठून जाईन. सर म्हणाले, मंजूर; पण हे मी स्वतः पाहीन. आणि दुसऱ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले.

पस्तीस मिनिटं फोन मुका. संपदाला इतकं हलकं वाटत होतं की तिने एक विनोदसुद्धा केला. आणि मग टेबलावर वाजलं. कुठली घंटी आहे हे ऐकायला थांबली असती तर ती संपदा कसली! खडू हातात, पर्स काखेत, ती मुलांच्या डोळ्यांदेखत दारातून बाहेर. मागून सर म्हणत होते, "जाइए, जाइए मॅडम, भगवान भली करे."

जिन्यात तिने मेसेज उघडला.

'हिंग कुठं ठेवला आहेस?'

आता परत वर्गात जावं तर काय सांगावं? ती स्टाफरूममध्ये जाऊन कपाटाच्या आडोशाला वीस मिनिटं उभी राहिली. मग कळवळलेल्या चेहऱ्याने सरांना सांगून आली की आता बरं आहे. हे तर खरंच होतं. हिंग सापडला होता.

परतीच्या बसमध्ये तिने 'आई अकोला'चा तारा काढला, अग्रक्रम काढला आणि म्यूटच्या यादीत 'कायम' निवडलं. समोरच्याला कळत नाही, हे तिने तीनदा वाचून खात्री करून घेतली होती. पाप केल्यासारखं वाटलं, पण छब्बीस बाळं डोळ्यांपुढे होती.

समोरच्याला कळत नाही हे खरं. पण समोरचा दोन हातांवर सोफ्यावर बसलेला असला तर गोष्ट वेगळी. मंगळवारी संध्याकाळी प्रभावतीबाईंनी कुठल्याशा काढ्याची माहिती सुनेला पाठवली. सुनेचा फोन टीपॉयवर होता. तो गप्प राहिला. त्यांनी एक गुलाब पाठवला. गप्प. मग सूर्योदय.

"संपदा, तुझा फोन बिघडला बघ."

"नाही... असेल... रेंज..."

तेवढ्यात कैवल्यने स्वयंपाकघरातून 'जेवायला काय आहे' असा मेसेज पाठवला, आणि फोन ठणठणीत वाजला.

प्रभावतीबाईंनी मान डावीकडे कलती केली.

"ऑर्डिनरी," त्या म्हणाल्या.

"आई, तसं नाही, काल वर्गात सर..."

"अगं काहून रडवेली होतेस? मीच शिकवलं न तुला. ठीकच आहे. हजारो ऑर्डिनरी मी रांगेत बसवलेत. आता माझी पाळी." आणि त्या उठून अनुयाचे कपडे घडी घालू लागल्या, तेही घडी घातलेलेच परत उलगडून. त्या संध्याकाळी त्यांनी एकही मेसेज पाठवला नाही. संपदाने दर पाच मिनिटांनी पाहिलं. इतकं तर फोन वाजत होता तेव्हाही तिने पाहिलं नव्हतं.

बुधवारी प्रभावतीबाई म्हणाल्या, मी अकरा वाजता पाळणाघरात जाऊन पोरीला नाचणीची पेज भरवते. ती तिथली खिचडीबिचडी खात नाही. खरं कारण असं, की सुनेच्या रिकाम्या घरात त्यांना बसवत नव्हतं. त्या रिक्षाने पोचल्या तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि अनुया तिथल्या मदतनीस भंवरीजींच्या मांडीवर लालेलाल होऊन बसली होती.

"मॅडम कहाँ हैं?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"मॅडम तो शादी में गई हैं, जोधपुर. मैंने ग्रुप में लिख दिया, ग्यारह पाँच पे. यहाँ के फोन से एक बार बहूजी को लगाया भी. उठाया नहीं. पापा का तो लगता ही नहीं."

प्रभावतीबाईंना सगळा बोर्ड एका क्षणात डोळ्यांपुढे दिसला. लाइटनिंग दिली होती ती शेखावत मॅडम नावाच्या बाईला. आणि ती बाई जोधपूरला पंगतीत. ग्रुप म्यूट. पाळणाघराचा हा फोन संपदाच्या यादीतच नाही, तर तारा कुठून असेल? लाइन माणसाच्या नावाने जोडली होती, जागेच्या नाही. असली चूक त्यांनी नोकरीत कधी होऊ दिली नसती, आणि रविवारी चटईवर बसून स्वतःच करून ठेवली होती.

"फिर से लगाओ न!"

"एक ही बार लगाने का नियम है जी. फिर पंद्रह मिनट देखते हैं, फिर रजिस्टर में लिखते हैं."

"मैं दादी हूँ, मैं ले जाती हूँ."

"दादी का नाम फॉर्म में नहीं है."

अकरा तेरा. अकरा वीसला रजिस्टर उघडणार. प्रभावतीबाईंनी आधी सवयीने मेसेज लिहिला आणि पाठवलाही. तो जाऊन निमूट रांगेत बसला. मग फोन लावला. घंटी वाजत राहिली, म्हणजे त्यांच्या कानात. तिकडे तारा नसलेल्या माणसाच्या फोनला 'डू नॉट डिस्टर्ब' काय दाद देणार! त्यांनी फोन ठेवला. मान डावीकडे कलती केली. आणि अकरा सोळाला त्याच नंबरावर दुसऱ्यांदा लावला.

अजमेर रोडवर, खडू फळ्यावर असताना, संपदाचा फोन खणखणून वाजला. मागच्या बाकावर आजही येऊन बसलेल्या माथुर सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पडद्यावर 'आई अकोला'. एक क्षणभर संपदाला हिंग आठवला. दुसऱ्या क्षणी तो खटका आठवला. दुसऱ्यांदा लावल्याशिवाय हा आवाज येऊच शकत नव्हता.

"आई?"

"ऑर्डिनरी बोलतेय. पाळणाघरातून. ताप शंभर आहे, घाबरायचं कारण नाही. पण आत्ता, या मिनिटाला, ग्रुपवर 'येते' एवढं लिही. मग रडायचं ते रड."

संपदाने लिहिलं. अकरा सतरा. भंवरीजींच्या फोनवर ते उमटलं, आणि त्यांनी रजिस्टर परत कपाटात ठेवलं.

"सर, मेरी बेटी..." संपदा म्हणाली.

"जाइए. आज तो सच लग रहा है," माथुर सर म्हणाले. म्हणजे त्यांना सोमवारचं कळलं होतं.

संध्याकाळी अनुयाचा ताप उतरला होता आणि ती चटईवर कैवल्यचा बूट चावत होती. सासूसुना पुन्हा फोन मधे ठेवून बसल्या. पाळणाघराचा फोन यादीत आला, त्याला तारा. भंवरीजींनाही तारा. ग्रुप म्यूटच राहिला, पण त्याला अग्रक्रम दिला, कारण म्यूट ग्रुपातही कुणी नाव घेऊन हाक मारली तर तेवढी वाजते. भंवरीजींना संपदाचं नाव तसं कसं लिहायचं ते फोनवरून पाच वेळा समजावून झालं. फॉर्मवर आजीचं नाव चढवायचं ठरलं. मग 'आई अकोला' आलं आणि संपदाचं बोट ताऱ्यावर गेलं.

प्रभावतीबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे."

"आई, अहो, आज तुम्ही नसतात तर..."

"तर म्हणूनच राहू दे. मला दिवसातून चाळीसदा बोलायचं असतं, ते तुझ्या वर्गात काहून वाजावं? ऑर्डिनरी बरी. रांगेत बसते. फक्त दोनदा लावीन तेव्हा उचल."

त्या अनुयाला घेऊन गॅलरीत गेल्या. संपदाने दोन दिवसांची रांग उघडली. काढा. गुलाब. सूर्योदय. मग एक अख्खी रिकामी संध्याकाळ. आणि त्याखाली आजचा, सकाळी अकरा वाजून तेरा मिनिटांचा, तिला ऐकू न आलेला:

'अनुयाला ताप आहे. मी जवळ आहे. तू सावकाश ये.'

ती तो वाचत होती तेवढ्यात त्याखाली, काहीही न वाजता, एक नवा मेसेज येऊन बसला. गॅलरीतून.

'पोरीने आत्ता टाळ्या वाजवल्या.'